शेवटच्या ओळीवरचा अंगठा

मावशी भाषांतरावर पोट भरत होती, म्हणूनच नातेवाइकांच्या मते ते काम फुकट होण्यासारखं होतं. भाची आली ती फोन पुढे धरूनच.

"मावशे, आज पाचला आक्षेपांची मुदत संपते! एका मार्कानं लटकलेय, आणि उत्तरतालिकाच चुकलीय. तपासणारे बाहेरचे आहेत, त्यांना प्रश्न इंग्रजीत हवा."

फोटोतला प्रश्न मराठी होता, तांत्रिक शब्द तेवढे रोमन लिपीत. बारा व्होल्टच्या बॅटरीला सहा ओहमचे तीन रेझिस्टर पॅरललमध्ये जोडले. एक काढून टाकला, तर उरलेल्या प्रत्येकातून करंट किती? भाचीचं उत्तर दोन अँपिअर. तालिकेचं चार.

"चार ही उरलेल्या दोन्हींची बेरीज! तू लिही ना, 'बेरीज नव्हे, प्रत्येकाचा वेगळा'."

"कागदावर 'बेरीज नव्हे' आहे?"

"नाही, पण अर्थ तोच!"

"मग 'प्रत्येक' पुरे. भांडण आक्षेपाच्या रकान्यात कर, माझ्या भाषांतरात नको."

रोमन शब्दांना हात न लावता मावशी ओळीओळीनं खाली उतरत गेली आणि अडली. फोटोतच शेवटच्या ओळीवर भाचीचा अंगठा आला होता.

"ते सोड गं, काहीतरी 'समजा' वगैरे असतं."

"काहीतरीचं भाषांतर मला येत नाही. पेपर कुठाय?"

पेपर होस्टेलवर होता. भाचीनं रूममेटला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा एक झोपाळू आवाज आला आणि भाची त्याच्यावर अशी ओरडली की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. अखेर फोटो आला: 'बॅटरीचा internal resistance नगण्य समजा.'

"शून्य लिहून टाक," भाची घड्याळाकडे बघत नाचत होती.

"नगण्य म्हणजे शून्य नव्हे. घरकामात तुझ्या बाबांचा वाटा नगण्य आहे. शून्य म्हणालीस तर ते चिडतील."

भाची हसली आणि मध्येच थबकली.

"थांब! बॅटरीच्या आत रेझिस्टन्स धरला, तर एक काढल्यावर बाकीच्यांचा करंट बदलतो! ही ओळ आहे म्हणूनच तो दोनवर राहतो. मावशे, ही गेली असती तर ते म्हणाले असते, उत्तरच ठरत नाही!"

"मग रकान्यात तेच लिही. हळू. बटण मोडशील."

पाचला थोडं कमी असताना आक्षेप गेला.

पुढच्या आठवड्यात सुधारित तालिका लागली. भाचीनं फोनवर आधी किंकाळी मारली आणि मग कारण वाचून दाखवलं: इंटर्नल रेझिस्टन्स नगण्य असल्यानं प्रत्येकातून दोन अँपिअर. मागून तिची आई "पास झाली, ताई, पास झाली!" म्हणून ओरडत होती.

"पुन्हा वाच," मावशी म्हणाली. आपलं भाषांतर कुणी शेवटपर्यंत वाचल्याचा तिला हा पहिलाच पुरावा मिळाला होता.