वीणाच्या लेखातला एक परिच्छेद

वीणा पाटणकरने लेख लिहिला तेव्हा तिला वाटलं होतं की ती भावावरचं एक जुनं ओझं उतरवते आहे.

दोन वर्षांपूर्वी, नव्याण्णव साली, तिला आईची किडनी बसवली होती. आता ती नोएडातल्या कंपनीत पुन्हा पूर्णवेळ जात होती आणि रविवारी बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना चढत होती. दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचे संपादक श्रीपाद नाडगौडा यांनी फोन करून सांगितलं, तुझी कहाणी लिही, कुणाला तरी धीर येईल. हे गृहस्थ मंत्रालयातून निवृत्त झालेले. शब्द टाकला की मागे घेत नसत. वीणाने आठवडाभर बसून अकरा पानं लिहिली. मानेत घातलेली नळी, लघवी बंद झाली ते दिवस, क्रिएटिनिनचे आकडे, गोळ्यांची नावं, आईच्या कुशीवरचा व्रण, काहीच गाळलं नाही. आणि शेवटी तो परिच्छेद.

तो यशोधनबद्दल होता. वीणाचा धाकटा भाऊ, गुडगावला एका परदेशी कंपनीत. किडनी द्यायला आधी तोच उभा राहिला होता; पण दात्याच्या तपासण्यांत त्याच्या रक्तात काहीतरी निघालं आणि डॉक्टरांनी त्याला बाजूला केलं. काय निघालं ते डॉक्टरांखेरीज घरातल्या तिघांनाच माहीत होतं. नातेवाइकांना एवढंच दिसलं की ठणठणीत तरुण मुलगा मागे सरला आणि साठीकडे झुकलेली आई ऑपरेशनला गेली. शशिकांतमामा तर एका लग्नात भर पंगतीत म्हणाले होते, सख्खा भाऊ, पण ऐनवेळी पाय मागे घेतला. यशोधनने मान खाली घालून जेवण संपवलं. ते वीणाच्या मनात सलत राहिलं. म्हणून तिने खरं काय ते नावानिशी लिहून टाकलं.

रविवारी दुपारी यशोधन घरी आला. टेबलावर लेखाची मुद्रितं पडली होती. तो उभ्याउभ्याच वाचू लागला. शेवटच्या पानावर थांबला, पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि खाली ठेवलं.

"हे काढ, ताई."

तिने समजावलं, की लोक त्याला भेकड म्हणतात, ते तिला ऐकवत नाही.

"म्हणू देत. भेकड म्हणून लोक चार दिवसांनी विसरतात. हे एकदा छापलं की विसरणार नाहीत." त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तुझं आजारपण तुझं आहे, यार. सांग हवं तसं. माझं सांगायचं तू कोण ठरवणार?"

मग त्याने दुसरी गोष्ट सांगितली. आर. के. पुरमच्या भाऊसाहेब देवधरांच्या मुलीशी, उत्तराशी, त्याचं लग्न ठरत होतं. उत्तराला त्याने पहिल्याच महिन्यात सगळं सांगितलं होतं. ती त्याच्याबरोबर डॉक्टरांनाही भेटून आली होती. तिच्या आईवडिलांना ती दोघं मिळून सांगणार होती, पुढच्या महिन्यात, समोर बसून. आणि भाऊसाहेब स्मरणिका पहिल्या पानापासून जाहिरातींसकट वाचत.

 वीणाने लगेच नाडगौडांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, पानं लागली आहेत, सोमवारी चार वाजता छपाईला जाणार, आणि तो परिच्छेद म्हणजे लेखाचा प्राण आहे. फार तर 'भाऊ' काढून 'एक नातेवाईक' करू. वीणा म्हणाली, काका, मला भाऊ एकच आहे आणि मंडळात हे सगळ्यांना ठाऊक आहे.  मग त्यांनी जे विचारलं त्याने तिची झोप उडाली. भावाचा उल्लेखच गाळलास, तर लोक काय समजतील?

ते खरंच होतं. सांगावं तर त्याचं गुपित फुटत होतं. गाळावं तर मामांचं बोलणं खरं ठरत होतं.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती नव्या टोलच्या पुलावरून ओखल्याच्या छापखान्यात पोचली. अक्षरजुळणी करणारे मुरलीधर संगणकावर तिचं पान उघडून बसले होते. नाडगौडा शेजारच्या खुर्चीत घड्याळ बघत होते. दीड वाजला होता.

आधी सोपं होतं ते तिने केलं. आकडे गेले. नळी गेली, लघवी गेली. गोळ्यांची नावं काढताना नाडगौडा म्हणाले, अगं, ती तर उपयोगी माहिती आहे. तिने मान हलवली. प्रत्येकाचं औषध वेगळं. कुणी वाचून स्वतःच्या मनाने सुरू केलं किंवा बदललं तर? त्या जागी तिने लिहिलं की ती गोळ्यांच्या वेळा कधी चुकवत नाही आणि शंका आली की डॉक्टरांनाच विचारते. आईला फोन केला. आई म्हणाली, किडनी मी दिली हे सगळ्यांना माहीत आहे, खुशाल लिही, पण व्रण मात्र माझा मला असू दे. व्रण गेला.

उरलेलं वाचलं तेव्हा तिला नवल वाटलं. भीती तशीच होती. ऑफिसात खोटं हसणं, मदत मागताना जीभ न वळणं, पहिल्यांदा पोटभर पाणी प्यायली ती सकाळ, सगळं होतं. उलट आता ते स्पष्ट दिसत होतं.

मग भाऊ. तिने लिहिलं, 'कोण देऊ शकेल हे प्रेमावर नाही, तपासणीवर ठरतं.' तिला वाक्य आवडलं. छापखान्याच्या फोनवरून तिने ते यशोधनला वाचून दाखवलं.

"म्हणजे भाऊ तपासणीत नापास झाला, हे शहाण्याला कळलंच की."

पावणेतीन. तिने ते खोडलं. दुसरं लिहिलं, त्यात तिच्याही नकळत मामांना उत्तर होतं, तेही खोडलं. नाडगौडा म्हणाले, राहू दे, मी तुझा लेखच काढतो, जाहिरात टाकतो. पहिल्यांदाच ते मऊ बोलले होते. वीणाला मोह झाला. पण डायलिसिसच्या दिवसांत अशी कहाणी आपल्याला कुठे वाचायला मिळाली असती तर, हा विचार तिला उठू देईना.

मग तिने बाजू मांडणं सोडून दिलं. कोण पुढे आलं, कोण मागे राहिलं, तपासण्या कुणाच्या झाल्या, सगळं काढलं. फक्त जे घडलं आणि सगळ्यांना दिसूनही कुणी पाहिलं नव्हतं, ते लिहिलं.

'आईने मला किडनी दिली. त्याआधीचे आठ महिने, आठवड्यातून तीनदा, डायलिसिसच्या दिवशी, यशोधन गुडगावहून गाडी घेऊन सकाळी सहाला दारात उभा असायचा. चार तास बाहेरच्या बाकावर बसायचा आणि मला घरी सोडून मग ऑफिसला जायचा. एकदाही त्याने मला वाट पाहायला लावली नाही.'

तिने ते पुन्हा फोनवरून यशोधनला वाचून दाखवलं.  नाडगौडांनी बोटाने घड्याळ दाखवलं. साडेतीन.

"साडेसहाला," यशोधन म्हणाला.  "सहाला नाही, साडेसहाला यायचो. तेवढं नीट कर."

मुरलीधरांनी नीट केलं. अकराची चार पानं झाली होती. नाडगौडांनी ती वाचली आणि आता कुणी रडणार नाही, असं म्हणून सही केली.

उत्सवात शशिकांतमामा लेखाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. भाऊसाहेब 'छान लिहिलंय' म्हणून पुढे गेले; यशोधन आणि उत्तराने त्यांना जे सांगायचं ठरवलं होतं ते अजून सांगायचंच होतं आणि ते कसं घेतील हे कुणालाच माहीत नव्हतं. आरतीनंतर विश्वास काळे नावाचे एक गृहस्थ वीणाजवळ आले. त्यांच्या पत्नीचं डायलिसिस त्याच महिन्यात सुरू झालं होतं. वीणा मनातल्या मनात तयार झाली, आता हे औषधं विचारणार. पण त्यांनी विचारलं,

"ते तुमचे भाऊ, आठ महिने नोकरी सांभाळून कसं जमवलं त्यांनी? मला दोन आठवड्यांतच जमेनासं झालंय."

वीणाने मांडवात पाहिलं. यशोधन खुर्च्या उचलून एकावर एक रचत होता. तिने त्याला हाक मारली. काळ्यांचा प्रश्न ऐकून त्याने रचलेल्या खुर्च्यांतल्या दोन पुन्हा खाली काढल्या, एक त्यांच्यापुढे सरकवली आणि विचारलं, "तुमची शिफ्ट किती वाजता सुरू होते?"