लोटनच्या गोळ्या

देवपुरात शेवंताबाईंच्या घराजवळचं मेडिकल बंद पडलं, तेव्हा त्यांच्या धाकट्या बहिणीने, मंदाबाईने, नशिराबादहून मोबाईलवर एक लिंक पाठवली.

"ताई, घरपोच गोळ्या येतात. डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा मागत नाहीत. आम्ही तिथूनच घेतो."

मंदाबाईचा नवरा लोटन आणि शेवंताबाईंचे यजमान मोतीलाल, दोघांनाही रक्त पातळ ठेवायची गोळी रोज लागायची. चिठ्ठी मागत नाहीत, या एका वाक्यानेच शेवंताबाईंच्या मनात शंका आली. ही गोळी कमी पडली तर रक्ताची गाठ होते, जास्त झाली तर रक्तस्राव. मग विचारल्याशिवाय देतात कशी?

त्यांनी ती वेबसाईट नीट पाहिली. दुकानाचा पत्ता नाही, फार्मासिस्टचं नाव नाही. तळाशी परवान्याचा नंबर मात्र ठळक होता. दुसऱ्या दिवशी तो घेऊन त्या औषध प्रशासनाच्या कचेरीत गेल्या. तिथल्या निरीक्षकांनी नंबर तपासला.

"बाई, हा परवाना परगावच्या एका दुकानाचा आहे. ते कधीच बंद झालंय. इथून काही मागवू नका."

शेवंताबाईंनी बाहेर येताच फोन लावला. "मंदे, त्या गोळ्या आजच थांबव आणि डॉक्टरांना दाखव. दुसऱ्याचा नंबर लावलाय त्यांनी."

"ताई, तुले बठ्ठामां, सगळ्यातच खोटं दिखस," मंदाबाई चिडली. "यास्नी तब्येत बरी शे ना!" आणि फोन ठेवला.

शेवंताबाईंनी पुन्हा लावला, तिने उचलला नाही. मोतीलालांच्या गोळ्या मग पाचकंदील चौकाजवळच्या दुकानातून येऊ लागल्या, चिठ्ठी दाखवून, बिल घेऊन. बहिणींचं बोलणं तेवढं तुटलं.

पोळ्याच्या सुमारास जळगावच्या दवाखान्यातून फोन आला. मेंदूत रक्ताची गाठ अडकून लोटनचा उजवा हात लुळा पडला होता आणि वाचा गेली होती.

शेवंताबाई दवाखान्यात पोचल्या तेव्हा डॉक्टर मंदाबाईला विचारत होते, "गोळी रोज देत होता ना? रक्ताच्या तपासणीत तिचा मागमूसही नाही."

"एक दिवस चुकवली नाही हो," मंदाबाई म्हणाली. तिने पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं. डॉक्टरांनी ते उलटंपालटं केलं. "हे फेकू नका. गोळीत काय होतं, ते तपासल्यावरच कळेल."

पाकीट प्रशासनाकडे गेलं. वेबसाईट तोवर उघडेनाशी झाली होती आणि फोन लागत नव्हता. तक्रार कोणाविरुद्ध करायची, हेच मंदाबाईला सांगता येईना.

लोटन खाटेवरून काहीतरी सांगू पाहत होता. नुसते घशातले आवाज निघत होते. मंदाबाई त्याच्या तोंडाशी वाकून ऐकत राहिली.

शेवंताबाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या. मंदाबाईने विचारलं, "ताई, ते काय म्हणताहेत, तुला कळतंय का गं?"

शेवंताबाईंनाही कळत नव्हतं.