केवळाबाईनं मान चोळली नाही

या, जरा जवळ सरकून बसा. टाळ थांबलेत तोवर एक गोष्ट सांगतो, ती ऐकूनच उठा.

लातूर वेगळा जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती. पाट्या नव्या, दुष्काळ जुनाच. उदगीरकडच्या आमच्या गावात शिवनाम सप्ताह चालू होता. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, असा नेम. त्या दुपारी वीणा बसलिंगप्पांच्या गळ्यात होती आणि त्यांची सून शिवगंगा घरी तापानं पडली होती.

मान धरलीय म्हणत होती. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. टँकर विहिरीत पाणी ओतायचा आणि तिथून बाया डोक्यावर दोन-दोन घागरी आणायच्या. त्या साली अर्ध्या गावाच्या माना धरलेल्या. सासूनं मान चोळणाऱ्या केवळाबाईला बोलावलं.

केवळाबाईनं तेलाची वाटी घेतली, मानेखाली हात घातला आणि थबकली. मान पुढं झुकेना, हनुवटी छातीला लागेना. दार उघडलं तशी पोरगी कण्हली, तिनं डोळ्यांवर पदर ओढला. सकाळपासून दोनदा ओकली होती, डोकं फुटतंय म्हणत होती, आता बोलता बोलता गुंगत होती. घागरीनं मान धरते, पण ताप येत नाही, उजेड खुपत नाही. केवळाबाईनं वाटी खाली ठेवली आणि तडक देवळात आली.

बसलिंगप्पा म्हणाले, उद्या समाप्ती आहे, ती झाली की नेऊ. वीणा सोडून कसं जाऊ?

“अप्पा, हे माझ्या हाताचं काम न्हाई,” ती म्हणाली. “वीणा धरायला गाव हाय. पोरीला कोण हाय?”

बसलिंगप्पांनी एकदा पिंडीकडं पाहिलं, मग वीणा उतरवून माझ्या गळ्यात घातली.

टँकरवाला पंढरी रिकामी गाडी घेऊन उदगीरला निघाला होता. सरकारी गाडीत माणसं बसवता येत नाहीत म्हणाला. मग माझ्या अंगावरून ने, म्हणत केवळाबाई चाकापुढं उभी राहिली. पंढरीनं दार उघडलं आणि अप्पा सुनेला घेऊन आत बसले.

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं आणि लगेच शिरेतून औषध सुरू केलं. मग पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. ते नितळ असायला हवं, गढूळ निघालं. मेंदूच्या आवरणाला जंतूंनी सूज आली होती.

“यात जीव तासांवर असतो,” ते बसलिंगप्पांना म्हणाले. “ताप, ताठलेली मान, उजेड सोसेना, असं दिसलं की सरळ दवाखाना. तिन्ही दिसायची वाटसुद्धा बघायची नाही. उद्या आणली असती, तर माझ्या हातात काही राहिलं नसतं.”

दोन आठवड्यांनी शिवगंगा घरी आली. त्या दुखण्यापासून डाव्या कानानं कमी ऐकू येतं, म्हणून मंडपात ती उजवा कान वीणेकडं करून बसते. ती बघा, खांबाजवळ.

केवळाबाईला जाऊन बरीच वर्षं झाली. आता नाम सुरू होईल, तेव्हा एका नामापुरती तिची आठवण काढा.