सांभाळून घेतलंत

मी एक ओळ बोलतेय. कवितेतली नाही, निरोपाच्या भाषणातली. आणि मी चिडलेली आहे, हे आधीच सांगून टाकते.

माझा जन्म एटापल्लीकडच्या एका आश्रमशाळेत, जुन्या प्रश्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर झाला. लिहिणारे गुलाब रामटेके गुरुजी, मूळचे चंद्रपूरकडच्या सावली गावचे. बत्तीस वर्षं इथे मराठी शिकवून निवृत्त होत होते. तीन वेळा खोडून त्यांनी मला लिहिलं: ‘बत्तीस वर्षं तुम्ही मला सांभाळून घेतलंत, काही चुकलं-माकलं असेल तर पदरात घ्या.’

यातला शब्दन् शब्द खरा आहे. गुरुजी आले तेव्हा पोरांना मराठी येत नव्हती आणि गुरुजींना गोंडी. पोरांनीच त्यांना गोंडीत पाणी, भात, झाड म्हणायला शिकवलं. पहिल्याच पावसाळ्यात हिवतापानं ते आडवे झाले, तेव्हा स्वयंपाकीण रुखमाबाई आठ दिवस पेज घेऊन दारात उभी राहिली. ‘सांभाळून घेतलंत’ म्हणजे हे सगळं.

भाषणात मला ऐकून रुखमाबाईनं डोळे पुसले. माझं काम झालं होतं. पण समारंभ समितीच्या प्रफुलभाऊंना शाळेच्या भिंतीवर मला दगडात कोरून लावायचं होतं, तेही इंग्रजीत.

“सूरजागडच्या खाणीकडं बाहेरचे सायेब लोक जातात, इथी थांबतात,” ते म्हणाले. “मराठी कोन वाचते?”

मोठ्या माणसाचं बोलणं मोठंच पाहिजे, असा त्यांचा समज. त्यांनी स्वतःच माझं इंग्रजी केलं आणि गुरुजींना कागद दाखवला. गुरुजींचं इंग्रजी बेताचं. “तुम्ही केलं म्हनजे चांगलंच असन,” म्हणून त्यांनी हात जोडले. त्यांच्या या नम्रपणाचा मला तेव्हा भयंकर राग आला. अहो, विचारा तरी! पण नाही. चंद्रपूरहून कोरलेली फरशी गोणपाटात गुंडाळून आली.

ती उघडली तेव्हा करिश्मा तिथे होती. गुरुजींची जुनी विद्यार्थिनी, आता चंद्रपूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते. तिनं वाचलं आणि तिचा चेहरा उतरला.

“गुरुजी, यात काय लिवलं ते मराठीत ऐका.” मग सावकाश म्हणाली, “‘मी बत्तीस वर्षं निःस्वार्थ सेवा केली. माझ्या सर्व चुकांची मी माफी मागतो.’”

गुरुजींनी चष्मा काढला. “हे मी कवा म्हनलो? मी सेवा केली, असं मी माह्याच तोंडानं सांगू? अन् चुका कोनत्या? वाचनाऱ्याले वाटन, मास्तरनं काही लफडं केलं होतं!”

“गुरुजी, एका ओळीसाठी काऊन एवढं? दगडाचे पैसे गेले ना!” प्रफुलभाऊ म्हणाले.

“माहं नाव आहे त्याच्याखाली!” बत्तीस वर्षांत गुरुजींचा आवाज कुणी इतका चढलेला ऐकला नव्हता. मला फार बरं वाटलं.

मग करिश्मा कागद घेऊन पायरीवर बसली. शब्दकोशातून ‘टेक केअर’ घेतलं, तर गुरुजी अंथरुणाला खिळलेले वाटले. ‘टॉलरेट’ घेतलं, तर लोकांना त्यांचा कंटाळा आला होता असं झालं. शेवटी ‘बोअर विथ’वर ती थांबली. त्यात धीर होता आणि मायाही. ‘पदरात घ्या’वर मात्र ती अडली. इंग्रजीला पदर नाही, आणि ‘फर्गिव्ह’ म्हटलं की गुन्हा कबूल केल्यासारखं होतं. मग तिनं पदर सोडला आणि पदरातली माया तेवढी घेतली. प्रत्येक वेळी ती इंग्रजीचं परत मराठी करून गुरुजींना ऐकवायची. ते नकारार्थी मान हलवायचे, ती खोडायची. चौथ्यांदा मान हलली नाही.

For thirty-two years you bore with me. Where I fell short, be kind.

फरशी हातपंपापाशी पालथी टाकली. आता तिच्यावर ताटं घासतात. भिंतीवर करिश्मानं निळ्या ऑइलपेंटनं मला मराठीत लिहिलं आणि खाली हे इंग्रजी.

रुखमाबाई ताटं ठेवून आली. तिला दोन्ही वाचता येत नाहीत. “पोरी, या इंग्रजीत मी कुठी आहो?”

करिश्मानं तीन अक्षरांवर बोट दाखवलं. “हे बघ. ‘यू’. हे तू, मावशी. त्या फरशीत तू नोहतीच.”

रुखमाबाईनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. रंग ओला होता. अक्षरं पसरली आणि तिचं बोट निळं झालं.

गुरुजी परवा आपल्या गावी, सावलीला गेले. प्रफुलभाऊ म्हणतात, साहेब लोक यायच्या आत तो डाग पुसून नीट करू.

खबरदार, हात लावलात तर.