वीतभर खाली

आमच्या पुर्वोकर्तोच्या बॅडमिंटन क्लबात मुलींच्या सिंगल्सवर कित्येक वर्षं रेत्नोचंच राज्य होतं. मग तेगल गावाहून किनासी आली. सतरा वर्षांची, काटकुळी पोर, पण नेटजवळ अशी खेळायची की आम्ही डबल्सवाले आपला सराव टाकून बघत उभे राहायचो. आमचं ते उभं राहणं रेत्नोला झोंबलं.

किनासीचं शस्त्र म्हणजे गिरकी. शटल नेटच्या पांढऱ्या पट्टीच्या उंचीला असतानाच ती गाठायची. पकड सैल, रॅकेट जवळजवळ आडवी, आणि बुचाच्या खालून बाजूला हलकेच कापल्यासारखा फटका. शटल कोलांट्या खात पलीकडे उतरायचं, बूच कुठे नि पिसं कुठे कळायचं नाही. ते सरळ होण्याची वाट बघावी तर जमिनीजवळ पोचलेलं. मग उंच उचलून देण्यावाचून गत्यंतर नाही, आणि उंच दिलं की बाईसाहेब स्मॅशला तयार.

"माझा खेळ बघायला कधी कुणी थांबलं नाही," रेत्नो कॅन्टीनमध्ये म्हणाली. समोर तिची मेंदोआन भजी गार होत होती. तू बघण्यासारखं खेळतेस कुठे, तू नुसती जिंकतेस, असं मी म्हणून बसलो. त्यावर तिने माझ्याशी अबोला धरला. जळफळाट झाला होता पोरीचा, दुसरं काही नाही.

क्लबाची रीत अशी की मोठ्यांनी धाकट्यांना सरावासाठी नेटपलीकडून हाताने शटल टाकून द्यायचं. आमचे प्रशिक्षक सुगेंग सर, त्यांनी किनासीला रेत्नोच्या हवाली केलं. सुरुवातीला रेत्नो सरळ टाकायची, पट्टीच्या उंचीला. मग सरांनी जाहीर केलं, जकार्ताच्या शिबिरात आपल्याला एकच जागा आहे, महिनाअखेरीस या दोघी त्यासाठी खेळतील. दुसऱ्या दिवसापासून रेत्नोचा हात वीतभर खाली आला.

वीतभरच, पण तेवढ्याने घात होतो. खालून कापलेलं शटल आधी वर चढतं, नेटवर तरंगतं, आणि समोरची बाई ते थापटून मारते. किनासीची गिरकी बिघडली.

"ताई, जरा वर टाक ना," ती म्हणाली.

"मॅचमध्ये समोरचीला विचारणार आहेस, कुठे टाकतेस म्हणून?"

पोरगी तक्रार न करता खालचं शटल कापू लागली. सर पलीकडच्या कोर्टवर मुलांवर खेकसत होते, त्यांना पत्ता नव्हता. मला होता, पण मीही तोंड उघडलं नाही.

महिनाअखेरीस सामना झाला. रेत्नोचा बेत पक्का होता: शटल नेटला चिकटवून असं सोडायचं की किनासीला ते खालीच मिळेल, आणि आपण सरळ रेषेत पुढे सरकून वर चढलेली गिरकी ठोकायची. पहिला गेम तिने तसाच घेतला. दुसऱ्यात किनासी सावरली. तिसरा गेम वीस-वीस झाला, आणि पुढचा गुण किनासीने मिळवला.

पुढच्या रॅलीत रेत्नोने ठरवल्यासारखंच शटल सोडलं, नेटला घासून, खोल. किनासी वाकली. रॅकेट गिरकीसारखीच पुढे आली, रेत्नो सरळ रेषेत धावली, आणि शेवटच्या क्षणी किनासीने नुसत्या बोटांनी रॅकेटचं तोंड वळवलं. शटल नेटच्या कडेकडेने, मधल्या किंचित सखल भागावरून तिरकं गेलं आणि पार दुसऱ्या टोकाला रेषेच्या आत पडलं. रेत्नो जागच्या जागी वळली, तेवढंच.

बावीस-वीस, सामना किनासीचा. आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. किनासी नेटखालून पलीकडे गेली, रेत्नोचा हात हातात घेऊन कपाळाला लावला. मोठ्यांपुढे आम्ही करतो तसंच.

"हा तिरका फटका तुझ्यामुळेच आला, ताई," ती म्हणाली. "तू खाली टाकायचीस, गिरकी चालेना, मग दुसरं काय करणार? बाकी कुणी मला इतकं अवघड टाकलंच नसतं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर रेत्नोला बरं वाटलं असतं.

सुगेंग सर घाम पुसत आले. शिबिराला अजून आठवडा आहे, म्हणाले, तोवर रेत्नोनेच हिला शटल टाकावं, हिची तशी मागणी आहे.

दुसऱ्या दिवशी रेत्नो आली. आली नाही तर लोक काय म्हणतील, एवढ्यासाठीच आली असावी. हातात शटल घेऊन ती नेटपाशी उभी राहिली. वर टाकलं तर पोरगी गिरकी घोटणार, खाली टाकलं तर तिरका फटका घोटणार. पलीकडे किनासी गुडघे वाकवून तयार होती.

"टाक ना, ताई," ती म्हणाली. "तुला हवं तिथे टाक."