ओली काच

जुनं पॅनेल काढून नवं बसवलं, तेव्हा सुनेने एवढंच विचारलं होतं, "बाबा, यावर पाणी उडालं तर?"

"तर पुसायचं," सासरे म्हणाले. मत्स्यबीज केंद्राचे मालक असूनही ते टाक्यांपाशी फारसे जात नसत. कोरड्या हातांच्या माणसाची उत्तरं अशी सुटसुटीत असतात. नवं पॅनेल फोनसारखं चमकत होतं, म्हणून टाक्यांची हवा सुरू करायचं भिंतीवरचं हिरवं बटणही त्यांनी काढायला लावलं. "दोन-दोन कशाला?"

कडाक्याच्या थंडीत सकाळी वीज झटकन जाऊन आली आणि टाक्यांना हवा देणारा ब्लोअर बंद पडला. पाण्यातले बुडबुडे थांबले. थोड्याच वेळात नखाएवढी पिल्लं वर येऊन तोंडं उघडू लागली.

सून पॅनेलकडे धावली. रबरी हातमोज्याने दाबलं. काच ढिम्म. हातमोजा काढला, तर आतला हातही ओला. शिवाय बाहेरची थंडी आणि आतली वाफ यामुळे काचेवर दव. ओघळणारं पाणीही त्या काचेला बोटासारखंच वाटतं. तिने ब्लोअर सुरू करायच्या कोडचा एक आकडा दाबला, पॅनेलने तीन घेतले.

"पूस ना!" दारातून सासरे ओरडले.

"कशाने? इथली एक गोष्ट कोरडी दाखवा!"

त्यांनी स्वतःच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं आणि मुकाट्याने काढून दिला. तिने काच पुसली. ती लगेच पुन्हा धुरकटली.

"सरक, माझं बोट कोरडं आहे."

होतं खरं, पण पिल्लं पाहून त्या बोटालाही घाम फुटला होता. दुसऱ्याच आकड्याला ते सरकून भलतीकडे पडलं. पडद्यावर सूचना आली: कोड चुकला, पॅनेल बंद, थोड्या वेळाने प्रयत्न करा.

"थोड्या म्हणजे किती?" बनियनवरचे सासरे कुजबुजले.

"माशांना विचारा." आणि ती पळत सुटली.

शेजारच्या दालनात जुनं पॅनेल अजून होतं. उद्या तेही बदलायचं होतं. त्याचा पडदा मळका, ओरखडलेला. पण तो दाबावर चालायचा. वरचा थर खालच्याला टेकला की झालं, मग बोट ओलं असो, गार असो की रबरात असो. सुनेने हातमोज्यानेच दाबलं. तिथला जादा ब्लोअर गुरगुरला. तिने दोन्ही दालनांच्या हवेच्या नळ्या जोडणारा व्हॉल्व्ह फिरवला.

परत येऊन दोघं टाकीपाशी उभे राहिले. बराच वेळ काहीच होईना. सासऱ्यांनी श्वास रोखला होता, जणू हवा वाचवत होते. मग एक बुडबुडा आला. मग रांग लागली. काही पिल्लं उलटी तरंगत राहिली. बाकीची हळूहळू खाली गेली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री चकचकीत पॅनेल घेऊन हजर.

"हे ऑफिसात लाव," सासरे म्हणाले. "आणि भिंतीवरचं ते हिरवं बटण पुन्हा बसव."

"ऑफिसात यावर काय चालवायचं?"

सासऱ्यांनी सुनेकडे चोरून पाहिलं. "पंखा."