पण...

माझा धाकटा भाऊ सरकारी अधिकारीपदाच्या मुलाखतीला दोनदा गेला आणि दोनदा रिकाम्या हातांनी परत आला. लेखी परीक्षा तो हसत-खेळत पास व्हायचा आणि निवड मंडळासमोर बसला की माती खायचा. या खेपेला वयाची मर्यादा संपत होती. म्हणजे हुकलं की कायमचं हुकलं. तेव्हा मी ठरवलं, घरातच मंडळ बसवायचं. खऱ्या मंडळात एक अध्यक्ष आणि चार सभासद असतात. त्याला सोडून आम्ही घरची चार माणसं होतो, पाचवे शेजारचे दातांचे डॉक्टर आले. अध्यक्ष मी, कारण मी कुणाला विचारलंच नाही.

भावाला आम्ही शेंड्या म्हणतो. शेंडेफळ ना तो. स्वभावानं गरीब गाय. लहानपणी त्याला भूक लागलीय हेही आम्हीच सांगायचो.

जेवणाच्या टेबलापलीकडे आम्ही पाच जण ओळीनं बसायचो आणि अलीकडे खुर्चीवर तो एकटा. अध्यक्षांच्या हातात लाटणं. दारावर टकटक, "आत येऊ का?", नमस्कार, बसा म्हटल्याशिवाय बसायचं नाही, हात मांडीवर, पाठ ताठ. येत नसेल तर "माफ करा, मला माहीत नाही" असं सरळ सांगायचं, थापा मारायच्या नाहीत. ज्ञान लेखी परीक्षेत तपासून झालेलं असतं, इथे माणूस तपासतात. हे सगळं त्याच्या क्लासच्या सरांनी सांगितलं होतं आणि ते आम्ही तंतोतंत पाळलं.

गोची वेगळ्याच ठिकाणी होती, आणि ती पाचांपैकी एकाच्याही ध्यानात आली नाही.

मी बस स्थानकाच्या चौकशी खिडकीवर बसते. समोरच्यानं "ती बस" म्हटलं की मी वेळ, फलाट आणि सुट्टे पैसे तयार ठेवा, एवढं सांगून मोकळी होते. पूर्ण प्रश्न ऐकत बसले तर रांग पार रस्त्यावर जाईल. आई बालवाडीत शिकवते. पोरांनी "कावळ्यानं चोचीत..." म्हटलं की "दगड!" तिच्याच तोंडून निघतं. मामाची गाडी शिकवण्याची शाळा आहे. त्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, आणि शिकणारा जरा सुरळीत चालवायला लागला की मामाचा पाय त्या ब्रेकवर जातोच. बाबा कोर्टात पुकारा करायचे. निवृत्त झाले तरी कुणी बोलायला लागलं की ते पुढच्याचं नाव पुकारतात. आणि डॉक्टर? त्यांनी जन्मभर माणसांना तोंडात औजारं घातल्यावर प्रश्न विचारलेत. उत्तर नावाची चीज त्यांनी ऐकलेलीच नाही.

अशा पाच जणांपुढे तो बिचारा रोज बसायचा.

चालू घडामोडी बाबांकडे होत्या. सकाळी पेपर आला की ते मथळे पुकारायचे, सगळ्या गल्लीला फुकटात जगाची खबर. मग प्रश्नांची सरबत्ती. लहान मुलांना समाजमाध्यमांवर बंदी घालावी का? नदीचं पाणी आधी शहराला की शेतीला? यंत्रं माणसांची कामं करायला लागली तर माणसांनी काय करायचं? आणि मामाचा लाडका प्रश्न, व्याजदर वाढवला की महागाई कशी उतरते.

शेंड्या छान सुरुवात करायचा. "सर, व्याजदर वाढला की कर्ज महाग होतं. लोक आणि उद्योग खर्च आवरतात, बाजारातली मागणी घटते, त्यामुळे भाव उतरायला मदत होते. पण..."

"पण गरिबाचे हाल होतात," आई.

"ब्रेक, ब्रेक," मामाचा पाय फरशीवर धपकन. "फार वेगानं चाललास. आता यंत्रमानवांचं सांग."

"सर, यंत्रमानवांमुळे उत्पादन वाढतं, धोक्याची कामं टळतात. पण..."

"तुमच्या अक्कलदाढेचं काय झालं?" डॉक्टर.

"पुढचा प्रश्न हाजिर," बाबा.

आणि मी लाटणं आपटायचे. लाटणं कशासाठी होतं हे मला आता कळतंय. तेव्हा मी ते मला बोलायचं असलं की आपटत होते.

हळूहळू आमच्या मंडळाची ख्याती वाढली. गॅसवाला सिलिंडर घेऊन आला तर मामानं त्याला "तुमच्या व्यक्तिमत्त्वातली एक उणीव सांगा" म्हणून विचारलं. तो म्हणाला, "जिना," आणि आम्ही त्याला चांगले गुण दिले. चुलत बहिणीला बघायला आलेल्या मुलाला डॉक्टरांनी परराष्ट्र धोरण विचारलं, तर मुलगा चहा न घेताच गेला. बाबा म्हणाले, ताणाखाली टिकला नाही. आई घरात मीठ संपलं हेसुद्धा "सकारात्मक बाजू आधी" या नियमानं सांगायला लागली. आम्ही सगळे एकदम तयार झालो होतो, आणि परीक्षा एकट्या शेंड्याची होती.

क्लासमध्येही त्याची सराव मुलाखत झाली. उमेदवार ढीगभर, म्हणून सर प्रत्येकाचं थोडं थोडं ऐकायचे. त्यांनी शेरा दिला, सुरुवात अप्रतिम. मी तो शेरा शेजारीपाजारी सांगत सुटले. त्याच्या शेवटाबद्दल सरांनी काही म्हटलं नव्हतं. सर शेवटापर्यंत पोचलेच नव्हते.

खऱ्या मुलाखतीच्या दिवशी फाटकापर्यंत मी गेले. टाय तिसऱ्यांदा नीट केला. "काही सांगायचंय का?" असं विचारलं आणि त्यानं तोंड उघडताच म्हटलं, "काही नाही ना? मग जा." तो आत गेला. मी समोरच्या टपरीवर बसून राहिले. मी साखर किती ते सांगण्याआधीच टपरीवाल्यानं ती चहात घातली, तेव्हा मला फार राग आला. लोकांना ऐकून घ्यायला काय होतं?

शेंड्या बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा कोरा होता.

"काय विचारलं? व्याजदर ना? वाटलंच मला. तू काय म्हणालास? बरोबर म्हणालास ना?"

मी थांबले नाही तर तो बोलणार नाही हे मला कळायला अख्खा चहा लागला. मग त्यानं सांगितलं.

आत गेल्यावर कागदपत्रं तपासली, फोन जमा करून घेतला. कुठल्या मंडळापुढे जायचं ते तिथेच कळलं. अध्यक्षा एक पिकल्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी बसायला सांगितलं, शिक्षण विचारलं, घरी कोण कोण विचारलं. मग एका सभासदानं व्याजदर काढला. शेंड्या सुरू झाला. कर्ज महाग होतं, खर्च आवरतात, मागणी घटते. पण...

आणि तो थांबला. सवयीनं. आता कुणीतरी तोंड घालणार म्हणून.

कुणीच तोंड घातलं नाही. पाच जण शांतपणे त्याच्याकडे बघत बसले. पंख्याचा आवाज येत होता. शेंड्या म्हणाला, "ताई, तेव्हा मला कळलं. माझ्याकडे 'पण'च्या पुढचं काही नाहीच. एवढे दिवस तयारी केली, सगळी उत्तरं अर्धी. पुढचं अर्धं मी कधी पाठच केलं नाही, लागतंय कुठे."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

"बाईंनी विचारलं, पण काय? मी खरं ते सांगितलं. मॅडम, आमच्या घरी 'पण'च्या पुढे मला कुणी जाऊ दिलेलं नाही. मग तुम्हा सगळ्यांबद्दल सांगितलं. पुकारा, ब्रेक, दाढ, सगळं."

"अरे कर्मा," मी म्हटलं.

"ते हसले. एक जण सोडून. त्यांनी विचारलं, अशा घरातून आलेला अधिकारी लोकांचं काय ऐकून घेणार? मी म्हटलं, सर, ऐकून घ्यायचाच मला सराव आहे. नाही तो बोलायचा."

मी काही बोलणार होते. पदराचं टोक तोंडात धरलं.

"मग बाई म्हणाल्या, विचार करा, आम्ही थांबतो. आणि थांबल्या, ताई. खरंच थांबल्या. मी विचार केला आणि म्हटलं, पण महागाई जर माल कमी पडल्यामुळे आली असेल, तर व्याजदर वाढवून शेतात टोमॅटो लागत नाहीत. तिथे साठवण आणि वाहतूक बघावी लागेल. आणि छोट्या दुकानदाराचं कर्ज मात्र तेवढ्यात महाग झालेलं असतं. माझ्या तोंडून हे आलं तेव्हा मलाच नवीन वाटलं."

"बरं गेलं म्हणजे?"

"माहीत नाही," तो म्हणाला. क्लासच्या सरांनी असंच सांगायला शिकवलं होतं, नाही का.

घरी येऊन मी सगळ्यांना समोर बसवलं आणि झाडलं. स्वतःला धरून. पोराची तयारी करायला बसलो आणि त्याचं अर्धं तोंड आपणच खाल्लं, म्हटलं. आई रडली. मामा पायाकडे बघत बसला. डॉक्टर म्हणाले, "पण," आणि मी लाटणं उगारलं. मग माझीच मला लाज वाटली आणि म्हटलं, बोला डॉक्टर. ते म्हणाले, त्यांना विसरायला झालं.

निकाल लागला त्या दिवशी पाचही जण टेबलाला. शेंड्या आतल्या खोलीत फोनवर बघून आला आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसला. आम्ही आधीच शपथ घेतली होती. कुणी अक्षर काढायचं नाही.

"माझं नाव..." शेंड्या म्हणाला आणि थांबला.

आम्ही तो पुढे बोलण्याची वाट बघतोय. तो आम्ही तोंड घालण्याची वाट बघतोय. आईचे ओठ हलत होते, गाळलेली जागा भरायला जीव तळमळत होता तिचा. मामाचा पाय वर उचललेला, फरशीला टेकेना. डॉक्टरांनी स्वतःच्या तोंडात रुमाल कोंबला. बाबांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली होती. मी लाटणं मांडीवर आडवं ठेवलं आणि त्यावर दोन्ही तळवे दाबले. उभ्या जन्मात आमच्या घरात एवढी शांतता झाली नव्हती. मला वाटलं, यादीत नसलं तरी चालेल, पण हे वाक्य आज त्याचंच होऊ दे.

शेंड्यानं एकेकाकडे बघितलं. मग त्याला समजलं, आणि तो हसला.

"...यादीत आहे," तो म्हणाला. "पण..."

आम्ही अजूनही गप्प.

"पण काही नाही. झालं माझं. आता बोला."

आई पदरानं डोळे पुसत राहिली, माझंही नाक वाहत होतं. शेवटी बाबा उठले, दारात गेले आणि छाती भरून त्यांनी पुकारा केला. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं पुकारली होती त्यांनी. गल्लीच्या टोकापर्यंत आवाज गेला.

"शेंडेफळ, हाजिर आहे का?"

एकदा पुकारलं, दुसऱ्यांदा पुकारलं, आणि तिसऱ्यांदा पुकारण्याआधी थांबले.

"हाजिर," आतून शेंड्या म्हणाला.